पाच ठिकाणी पाच गोष्टी

*नमस्कार सर. आमचा सोलापुरात यंत्रमागाचा कारखाना आहे. आजोबा तेलंगणातून आले, हातमाग चालवायचे. वडिलांनी यंत्रमाग घेतले आणि व्यापाऱ्यांच्या लेबलखाली टेरी टॉवेल विणले. मी पुण्यातली आयटीतली नोकरी सोडून २०२१ मध्ये स्वतःचा ब्रँड काढला. वेबसाइटवर आम्ही ‘१९६८ पासून’ लिहिलंय, जुन्या लेबलवर १९७२ आहे. इन्स्टाग्राम सांभाळणाऱ्या मुलाने ‘हाताने विणलेले’ लिहिलं, ॲमेझॉनवर ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ आहे, आणि लिंक्डइनवर मी नोकरी सोडल्याची गोष्ट सांगते. परवा एका गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर विचारलं, हातमाग की यंत्रमाग? आमच्याकडच्या दोघांनी दोन उत्तरं दिली. काही जण टॉवेल मऊ नाही म्हणतात, कारण आम्ही सिलिकॉन मारत नाही आणि वजनही कमी करत नाही. त्याच कारणावरून वडिलांनी एका मोठ्या व्यापाऱ्याची ऑर्डर सोडली होती. यातली कुठली गोष्ट धरू, आणि ती सगळीकडे सारखी कशी ठेवू? — एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर*

ताई, धरायची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहून टाकली आहे. वडिलांनी सोडलेली ऑर्डर. बाकी सगळं तिच्या मागे उभं राहील, पुढे नाही.

आजोबा तेलंगणातून आले हे खरं आहे आणि अभिमानाचंही आहे. पण पूर्व भागातल्या गल्लीगल्लीत हीच गोष्ट सांगणारी घरं आहेत. पद्मशाली विणकरांनी हे गाव विणकामाचं केलं, त्यामुळे ही गोष्ट गावाची आहे. नोकरी सोडून धंद्यात उतरल्याची गोष्ट तर लिंक्डइनवर रोज कुणी ना कुणी सांगतं. या दोन्ही गोष्टी ऐकून गिऱ्हाइकाला तुमच्याबद्दल आपुलकी वाटेल, पण टॉवेलबद्दल काहीच कळणार नाही. ऑर्डर सोडल्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तो निर्णय आजही मालात दिसतो. टॉवेल हातात घेतला, पाण्यात बुडवला, काट्यावर ठेवला की तो तपासता येतो. संस्थापकाची गोष्ट निवडताना मी हीच एक अट लावतो: तेव्हा घेतलेला निर्णय आजच्या मालात दाखवता आला पाहिजे. नाही आला तर ती आठवण आहे. आठवण म्हणून ती जरूर सांगा, पण तिच्यावर ब्रँड उभा करू नका.

आता हा निर्णय नेमका काय होता ते मी उलगडून लिहितो. तुम्हाला हे पाठ आहे, पण तुमच्या गिऱ्हाइकाला नाही, आणि सगळी गोष्ट यातूनच निघणार आहे.

टॉवेलचं वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे १.१२५ चौरस मीटर. तो ४५० जीएसएमचा असेल तर भरतो साधारण ५०६ ग्रॅम. व्यापाऱ्याला भाव पाडायचा असतो तेव्हा तो लांबी-रुंदीला हात लावत नाही, कारण ती गिऱ्हाईक टेपने मोजतं. तो वजन उतरवायला सांगतो. ४५० चा माल ३८० वर आणला की प्रत्येक टॉवेलमागे जवळपास ८० ग्रॅम सूत वाचतं. तो पातळपणा हाताला कळू नये म्हणून फिनिशिंगमध्ये सिलिकॉन सॉफ्टनर मारतात. दुकानात टॉवेल लोण्यासारखा लागतो. पण सिलिकॉन पाणी दूर ढकलतं, म्हणून पहिल्या काही धुण्यांपर्यंत तो अंग पुसत नाही, पाणी नुसतं इकडून तिकडे सरकवतो. तुमचा टॉवेल मऊ नाही ही तक्रार आणि तुमची गोष्ट ही एकाच निर्णयाची दोन टोकं आहेत. ती तक्रार लपवाल तर गोष्टही लपेल.

लिहायला बसण्याआधी एक वही घ्या. तुम्ही आजवर जे जे दावे केलेत ते एकेका ओळीत लिहा आणि प्रत्येकासमोर त्याचा पुरावा लिहा. पुरावा म्हणजे कागद, किंवा तो दाखवता येईल अशी वस्तू. वडिलांची आठवण हा पुरावा धरू नका. तुमच्या पत्रातले तीन दावे आणि पुढे कराल असा एक, हे चार या वहीत कसे टिकतात ते पाहू.

पहिला, साल. १९६८ की १९७२? आजोबांच्या नावाचा जुना परवाना, मागासाठी घेतलेल्या वीजजोडणीचा कागद, सोसायटीचं पासबुक, बिलबुक, काहीतरी सापडेल. सापडलं तर त्यावरचं साल धरा. नाही सापडलं तर दोन्ही सालं काढून टाका आणि ‘घरात माग आजोबांपासून’ एवढंच लिहा. तेवढं पुरतं. ब्रँडचं साल मात्र २०२१ हेच, ते उद्यम नोंदणीवर आणि जीएसटीवर आहे. ‘१९६८ पासून’ असं ब्रँडच्या नावाखाली छापलं की वाचणारा ते ब्रँडचंच वय समजतो, आणि नंतर कुणी नोंदणी पाहिली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेतो. घराचं वय आणि ब्रँडचं वय या दोन वेगळ्या ओळी ठेवा.

दुसरा, ‘हाताने विणलेले’. हे आजच काढा, हे उत्तर वाचून संपायच्या आधी काढलंत तरी चालेल. माल यंत्रमागावरचा आहे. हातमागाच्या मालासाठी केंद्र सरकारची हँडलूम मार्क ही खूण २००६ पासून आहे, आणि हाताने विणणारा माणूस त्या खुणेच्या भरवशावर दोन पैसे जास्त मागतो. तुमच्या एका शब्दाने त्याच्या पोटावर पाय येतो. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे फसव्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘इन्स्टाग्राम सांभाळणाऱ्या मुलाने लिहिलं’ हे उत्तर तिथे चालत नाही. त्या मुलाला बोलणी मात्र बसू देऊ नका. त्याच्यापुढे आजोबांच्या हातमागाची गोष्ट होती आणि आजचा माल कशावर होतो हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. रिकाम्या जागेत माणूस आपल्याला बरं वाटेल ते भरतो.

तिसरा, ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’. निर्यात करत असाल तर कागद दाखवता येईल. नसाल तर काढा. करत असलात तरीही मी काढायला सांगेन, कारण हे शब्द बाजारात प्रत्येक टॉवेलवर आहेत आणि तुमच्या गोष्टीशी त्यांचा संबंध नाही.

चौथा दावा तुम्ही पत्रात केलेला नाही, पण कधी ना कधी कराल: ‘सोलापुरी’. सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. माल सोलापुरात बनतो असं सांगायला कुणाची हरकत नाही, पण मानांकनाची खूण आणि ते नाव मानांकन म्हणून वापरायचं असेल तर त्या कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. इतर गावांतला माल आपल्या गावाच्या नावाने विकला जातो म्हणून आपण सगळे चिडतो. मग आपली नोंदणी तरी चोख हवी.

एवढी झाडपूस झाली की जे उरेल त्यातून मूळ मजकूर लिहा. चार वाक्यं, पाचवं नको. तुमच्या पत्रावरून मी असा लिहीन:

‘आमच्या घरात माग आजोबांपासून आहेत. वडील दुसऱ्यांच्या लेबलखाली टॉवेल विणायचे, आणि एका व्यापाऱ्याने वजन उतरवून माल मागितला तेव्हा त्यांनी ती ऑर्डर सोडली. २०२१ पासून आम्ही स्वतःच्या नावाने विकतो आणि प्रत्येक टॉवेलचं वजन लेबलवर छापतो. विणकाम सोलापुरात आमच्याच कारखान्यात यंत्रमागावर होतं, सिलिकॉन लावत नाही, म्हणून टॉवेल पहिल्या दिवशी जरा खरखरीत लागतो आणि पाणी लगेच टिपतो.’

हे छापण्याआधी तीन गोष्टी पाहा. वजन लेबलवर आज छापत नसाल तर छापायला लागा, आणि ज्या दिवशी सुरू कराल तो दिवस खरा लिहा. २०२१ पासून छापत नव्हतात तर तसं म्हणू नका. दुसरं, हा मजकूर वडिलांना वाचून दाखवा. गोष्ट त्यांची आहे. ऑर्डर सोडल्यावर घरात ओढाताण झाली असेल, कामगारांना सुट्टी द्यावी लागली असेल, आणि ते सगळं चव्हाट्यावर यावं असं त्यांना कदाचित वाटणार नाही. ते नको म्हणाले तर दुसरं वाक्य ‘वजन उतरवून माल विणायचा नाही हे वडिलांनी ठरवलं’ एवढ्यावर आणा. गोष्ट तरीही उभी राहते. तिसरं, त्या व्यापाऱ्याचं नाव कुठेही नको, ओळखू येईल असा तपशीलही नको. सोलापुरात सूत, माल आणि बातमी एकाच पेठेत फिरते.

आता सगळीकडे सारखी ठेवण्याचा प्रश्न. इथे बरेच जण तोच परिच्छेद कॉपी करून सगळीकडे चिकटवतात आणि तो कुठेच वाचला जात नाही. सारखं ठेवायचं ते एवढंच: साल, आकडे, ‘यंत्रमाग’ हा शब्द, आणि ‘वजन लेबलवर छापतो’ हे वाक्य. यांत काना-मात्रेचाही फरक नको. गोष्टीत शिरायचं दार मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं असू द्या, कारण तिथे येणारा माणूस वेगळ्या कामाने आलेला असतो.

ॲमेझॉनवर आलेला माणूस टॉवेल घ्यायला आलाय, तुम्हाला भेटायला नाही. तिथे पहिली ओळ: ७५ बाय १५० सेंमी, ४५० जीएसएम, वजन सुमारे ५०६ ग्रॅम. दुसरी: सिलिकॉन नाही, पहिल्या दिवशी खरखरीत, दोन-तीन धुण्यांनंतर मोकळा होतो. वडिलांची गोष्ट सगळ्यात खाली, ब्रँडच्या माहितीच्या जागेत. ती जागा मिळायला ॲमेझॉनकडे ब्रँडची नोंदणी लागते आणि त्यासाठी ट्रेडमार्क मिळालेला किंवा निदान अर्ज केलेला असावा लागतो. तो केला नसेल तर आधी ते काम करा. तिथला हिंदी मजकूर स्वतः वाचा. भाषांतर करणारा ‘माग’ पाहून बिनदिक्कत हथकरघा लिहून मोकळा होतो.

इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये १५० अक्षरं मावतात. मराठीत मात्रा आणि वेलांटी वेगळी मोजली जाते, नुसत्या ‘सोलापूर’चे सात होतात, म्हणून मजकूर आखडता ठेवा: ‘सोलापूरचे टॉवेल. वजन लेबलवर छापतो, सिलिकॉन लावत नाही. घरात माग आजोबांपासून, ब्रँड २०२१ पासून.’ हे शंभरच्या आत बसतं. रील करताना पूर्ण गोष्ट एका रीलमध्ये कोंबू नका. एकात टॉवेल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, आकडा दिसू द्या, बस. दुसऱ्यात दोन टॉवेल शेजारी ठेवून दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाका. तुमच्या टॉवेलवरचा थेंब चटकन आत जिरेल, सिलिकॉन मारलेल्यावरचा मोत्यासारखा वर बसून राहील. दुसरा टॉवेल कुठल्या कंपनीचा आहे ते दाखवू नका. तिसऱ्यात कारखान्यात धोट्याचा खडखडाट जसा आहे तसा ऐकू द्या, वर बासरी लावू नका. यंत्रमाग आहे हे त्या आवाजाइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

लिंक्डइनवर तुम्ही ‘मी’ म्हणून बोलता, तिथे नोकरीची गोष्ट चालेल, पण ती वडिलांच्या निर्णयापर्यंत नेऊन सोडा. तिथले लोक धंद्यातले असतात. वजन न उतरवल्याने प्रत्येक टॉवेलमागे सूत किती जास्त लागतं, भाव किती वर जातो, कुठलं गिऱ्हाईक त्यामुळे येत नाही, हे लिहा. एक नियम पाळा: ‘मी’ फक्त लिंक्डइनवर आणि तुम्ही स्वतः कॅमेऱ्यासमोर असाल तेव्हा. लेबल, वेबसाइट, व्हॉट्सॲप, सगळीकडे ‘आम्ही’. गोष्ट पूर्ण तुमच्या चेहऱ्यावर बेतली तर पॅकिंगला बसणाऱ्या बाईंना ती सांगता येत नाही, आणि तुम्ही महिनाभर बाहेर गेलात की ब्रँड मुका होतो.

लेबलवर जागा कमी असते. लीगल मेट्रॉलॉजीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, माप, किंमत, महिना-वर्ष, ग्राहक संपर्क हे आधीच यायला हवं. उरलेल्या जागेत एकच ओळ: ‘वजन ५०६ ग्रॅम. घरी काट्यावर पाहा.’ त्याखाली बारीक अक्षरात लिहा की हवेतल्या ओलाव्याने आणि धुण्याने ५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. कापूस ओलावा धरतो, पावसाळ्यात आकडा वर जाणारच. हे आधीच लिहिलं नाही तर एखादा चिकित्सक माणूस ४९० ग्रॅमचा फोटो टाकेल आणि तुमची सगळी गोष्ट त्या फोटोखाली गाडली जाईल. तुमच्या मालात प्रत्यक्ष फरक किती पडतो हे मात्र स्वतः पाहा. वेगवेगळ्या लॉटमधले वीस-तीस टॉवेल काट्यावर घाला. फरक ५ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर आधी कारखान्यात पाइलचा, म्हणजे टॉवेलवरच्या फाशांच्या धाग्याचा ताण आणि सुताचा काउंट, म्हणजे जाडी तपासा, लेबल नंतर छापा.

व्हॉट्सॲपसाठी त्या गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचं उत्तर झटपट उत्तरांमध्ये साठवून ठेवा: ‘यंत्रमागावर विणलेला आहे. हातमाग आजोबांच्या काळात होता, आता नाही.’ दोनच वाक्यं. कुणी विचारलं तर ओशाळायचं नाही आणि फिरवाफिरव करायची नाही. आपल्या गावाचा टॉवेल यंत्रमागावर मोठा झालाय, त्यात कमीपणा कसला? ज्या गिऱ्हाइकाला तुम्ही आधी दोन उत्तरं दिलीत त्यालाही हेच पाठवा, आणि आधीचं एक उत्तर चुकलं होतं असं स्पष्ट लिहा.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर स्टॉल लावत असाल तर टेबलावर काटा ठेवा आणि एक वाटी पाणी. तिथे बोलायला वीस-पंचवीस सेकंद मिळतात, त्यात चार वाक्यंही जास्त होतात. थेंब टाका आणि ‘वजन लेबलवर आहे, काट्यावर ठेवून बघा’ म्हणा. पुढचं गिऱ्हाईकच विचारतं.

गोष्ट एकसारखी झाली की नाही हे कळायचा एक सोपा मार्ग आहे. पॅकिंगवाल्या बाई, व्हॉट्सॲप पाहणारा मुलगा आणि वडील, तिघांना वेगवेगळं बसवून विचारा, ‘आपला टॉवेल महाग का?’ कागद समोर नको. तिघांच्या उत्तरांत वजन आलं पाहिजे. एखाद्याने ‘क्वालिटी चांगली आहे’ म्हटलं तर तिथे गोष्ट पोचलेली नाही. दुसरी खूण गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांत सापडते. लोक ‘मस्त आहे’ लिहिण्याऐवजी ‘काट्यावर ठेवून पाहिला’ किंवा ‘आधी खरखरीत होता, आता छान झाला’ असं लिहायला लागले की तुमचे शब्द त्यांचे झाले. तक्रारींतून ‘मऊ नाही’ पूर्ण जाणार नाही. ज्यांना दुकानातला मऊपणा हवाय ते तुमचं गिऱ्हाईक नाहीत, त्यांना माल परत घेऊन पैसे द्या आणि वाद घालू नका.

या गोष्टीची मर्यादाही आताच ओळखून ठेवा. उद्या एखादं हॉटेल मोठी ऑर्डर घेऊन येईल आणि सॉफ्टनर मारून ४०० जीएसएमचा माल मागेल. ती घ्यायला हरकत नाही, कामगारांना काम मिळतं. पण तो माल तुमच्या ब्रँडच्या नावाने जाता कामा नये, त्यांच्या लेबलखाली जाऊ द्या, आणि वेबसाइटवर ‘सिलिकॉन लावत नाही’च्या जागी ‘आमच्या नावाच्या मालाला सिलिकॉन लावत नाही’ असं करा. ही ऑर्डर येईल तेव्हा घाईत ठरवू नका, आत्ताच वडिलांशी बोलून ठेवा. चादरी सुरू केल्यात तर त्यांचंही वजन लेबलवर घ्या. नाहीतर गोष्ट टॉवेलपुरती राहील आणि चादरीसाठी कुणीतरी पुन्हा नवी गोष्ट शोधायला बसेल.

कामाचा क्रम असा ठेवा: आज ‘हाताने विणलेले’ जिथे जिथे आहे तिथून काढा, जुन्या रीलच्या मजकुरातूनही. या रविवारी वडिलांजवळ बसून कागद शोधा आणि चार वाक्यं वाचून दाखवा. लेबलची नवी छपाई वजनं तपासल्यानंतरच द्या, आणि जुनी १९७२ ची लेबलं गोदामात उरली असतील तर ती संपवायच्या मोहात पडू नका, रद्दीत घाला.